कार्डं पाठ आहेत, पण समोरचा काही वेगळं बोलला तर?

"माझी जर्मन बी१ ची तोंडी परीक्षा महिन्यावर आली आहे. चाळीस विषयांची कार्डं केली, सगळी पाठ आहेत. घरी एकटी असले की धडाधड बोलते. वर्गात जोडीदारानं काही वेगळं विचारलं की गप्प होते. आणखी किती कार्डं करू?"

नवं एकही करू नका. असलेल्या चाळिसांतली बहुतेक मोडावी लागतील.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या बी१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन पास. तोंडी मात्र राहिली. तिथे चारही भाग स्वतंत्र देता येतात, त्यामुळे तिला तेवढीच परीक्षा पुन्हा द्यायची होती. तिनं कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक कार्डावर सुबक अक्षरात बारा-चौदा ओळींचं उत्तर होतं. मी विचारलं, "यात समोरचा माणूस कुठे आहे?"

कारण ही तोंडी परीक्षा सहसा दोघांची मिळून असते. पंधरा मिनिटं तयारीला मिळतात. मग पहिल्या भागात दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा. दुसऱ्यात दिलेल्या दोनपैकी एक विषय पाच मुद्द्यांत मांडायचा, आणि तिसऱ्यात एकमेकांच्या मांडणीवर बोलायचं, प्रश्न विचारायचे. एकट्यानं सलग बोलायचं ते फक्त दुसऱ्या भागात. पाठांतर कामी आलं तर तिथेच, तेही थोडंफार.

मी तिच्यासोबत वर्गमैत्रिणीच्या निरोप समारंभाचा बेत ठरवायला बसलो आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं शनिवार सुचवला. मी म्हटलं, शनिवारी मला जमणार नाही. ती दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "शनिवारी पाच वाजता छान होईल." तिचं व्याकरण अचूक होतं, पण माझं बोलणं तिनं ऐकलंच नव्हतं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर तिलाच ते उमगलं. परीक्षक संवादाचे गुण वेगळे देतात, ते इथेच जातात.

मग आम्ही पहिल्या भागासाठी विषयवार कार्डं बाजूला ठेवली आणि कामावार चारच केली. सुचवण्यासाठी "वी व्हेरऽ एस, व्हेन..." (असं केलं तर कसं?). नकार देऊन दुसरं पुढे करण्यासाठी "दास गेट लायडर निश्ट, आबर..." (ते जमणार नाही, पण...). पक्कं करण्यासाठी "गूट, दान माखन व्हिअर दास सो" (ठीक, मग तसंच करू). आणि कळलं नाही तर "व्ही बिटऽ?". हे चौथं कार्ड लोक करत नाहीत. पुन्हा सांगा म्हणणं हा संवादाचाच भाग आहे, गप्प बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

खरा उपयोग झाला तो अडथळ्यांच्या चिठ्ठ्यांचा. वीस चिठ्ठ्यांवर समोरच्याची वाक्यं लिहिली: त्या दिवशी मला काम आहे, हे फार महाग पडेल, हे कोण आणणार? चिठ्ठ्या उलट्या ठेवायच्या, रेकॉर्डिंग सुरू करायचं, दर दोन-तीन वाक्यांनंतर एक उचलायची आणि तिला उत्तर देऊनच पुढे जायचं. घरी एकटं असतानाही कोणीतरी आडवं येतं.

दुसऱ्या भागाच्या कार्डावर पाच मुद्द्यांसाठी पाचच शब्द ठेवले: विषय, माझा अनुभव, माझ्या देशात, फायदे-तोटे व मत, शेवट. तयारीत केलेली टिपणं परीक्षेत समोर ठेवता येतात, पण ती वाचून दाखवायची नसतात. कार्डावर पूर्ण वाक्यं असली की डोळे तिथेच खिळतात.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि कान तेच ऐकतात. तिच्या तपासणी यादीत तीनच प्रश्न होते. चिठ्ठीला खरंच उत्तर दिलं का? तीन सेकंदांहून मोठ्या शांतता किती? 'वाइल'नंतर क्रियापद शेवटी गेलं का? "वाइल इश काइनऽ त्साइट हाबऽ" बरोबर. "वाइल इश हाबऽ काइनऽ त्साइट" आलं की खूण. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, तरी आपण इथे चुकतो, कारण मुख्य वाक्याची सवय पुढे ओढते. पहिल्या तीन मिनिटांत तिच्या सहा शांतता निघाल्या. तीन आठवड्यांनी दोन.

उच्चार मात्र या यादीत घेऊ नका. 'फ्युन्फ'मधला स्वर तिला स्वतःचा बरोबरच वाटायचा, कारण तो फरक तिच्या कानाला अजून कळत नव्हता. आठवड्यातून एक रेकॉर्डिंग ती शिक्षिकेला ऐकवत असे.

तुम्ही आज चाळिसांतलं एक कार्ड घ्या, पाच शब्द ठेवून बाकी खोडा आणि न थांबता तीन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. उद्या चिठ्ठ्या लिहायला बसा. पहिल्या पाच तुमच्या जोडीदारानं वर्गात विचारलेल्याच असू द्या.