कारणासमोर त्याचाच उपाय

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नातल्या निबंधाला 40 मिनिटं आणि किमान 250 शब्द असतात. पहिली पाच मिनिटं आराखड्याला दे. कारणं आणि उपाय विचारलेत आणि विषय वाहतूक कोंडीचा आला तर लोकसंख्यावाढ वगैरे ढोबळ काही नको, सांगलीची गणपती पेठ डोळ्यांसमोर आण. कोंडी कशाने होते? टेम्पो ऐन गर्दीत माल उतरवतात, म्हणून. आता त्यासमोर उपाय आणि तो कोण करणार ते लिही: माल सकाळी नऊच्या आत, नियम महापालिकेचा. ‘जनजागृती’ कुठल्याही कारणाला चिकटते, ती खोडच. ज्या कारणाला उपाय सुचत नाही तेही सोड, खरं असलं तरी. अशा दोन जोड्या पुरतात. तिसरी घेतलीस की परिच्छेद उथळ होतात. आणि परीक्षकाला गणपती पेठ कुठली माहीत, तेव्हा ‘जुन्या बाजारातला अरुंद रस्ता’ एवढंच लिही.