ऑक्टोबरचा आकडा ऑक्टोबरात बसत नाही

प्रिय पोरा,

तुझ्या बेळगावातल्या शहापूरच्या साड्यांच्या दुकानाचं २०२६-२७ चं बजेट वाचलं. गेल्या वर्षीच्या प्रत्येक महिन्याच्या विक्रीत दहा टक्के वाढवून तू पुढचं वर्ष मांडलंस. तसं करू नकोस, आधी साधा दिवस मांड.

दारातून आत येणारी डोकी मोजू नकोस. साडीला चौघी मिळून येतात आणि बिल एकच होतं, म्हणून घोळका हेच एक गिऱ्हाईक धर. समज, दिवसाला ४० घोळके येतात आणि १५ बिलं होतात. सरासरी बिल १,२६० रुपये असलं, तरी त्यातले ५ टक्के जीएसटीचे ६० रुपये तुझे नव्हेत. १५ गुणिले १,२०० म्हणजे दिवसाला १८,००० रुपये. लग्नाच्या बस्त्याचं चाळीस हजारांचं बिल या सरासरीत घालू नकोस. बस्त्यांची वही वेगळी ठेव.

दिवाळीच्या शेवटच्या बारा दिवसांत ९० घोळके येतील, पण सणाला निम्मे तरी घेतीलच म्हणून बिलं ४५ धरू नकोस. साड्या उलगडून दाखवणारे हात तेवढेच असतात, वाट बघून माणसं गणपत गल्लीतल्या दुकानांची वाट धरतात. ३० बिलं धर. बिल मात्र मोठं होतं, कर वजा जाता १,८०० रुपये. म्हणजे दिवसाला ५४,०००.

आता खरी मेख. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, त्यामुळे ते बाराही दिवस ऑक्टोबरात पडले. दुकान महिन्यात २६ दिवस उघडं धरलं, तर बारा दिवसांचे ६,४८,००० आणि उरलेल्या चौदांचे २,५२,००० मिळून नऊ लाख. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्यानंतरचे सण उशिरा येतात आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. बारातले चारच दिवस ऑक्टोबरात उरतात. ऑक्टोबर होतो ६,१२,००० चा, नोव्हेंबर ७,५६,००० चा. (दसराही २ वरून २० ऑक्टोबरला गेलाय, त्याची भर वेगळी घाल.) आपल्याकडे मराठी आणि कन्नड, दोन्ही गिऱ्हाइकांचे सण अमावास्येला महिना संपणाऱ्या एकाच अमान्त पंचांगाने चालतात, त्यामुळे कुणा एकाची दिवाळी आधी येऊन तुझा ऑक्टोबर भरून काढणार नाही.

२०२३ च्या अधिक श्रावणात मी हेच चुकलो. सप्टेंबरात माल भरला, तीस दिवसांची उधारी ऑक्टोबरात फिटायची होती आणि दिवाळी आली १२ नोव्हेंबरला. गल्ल्यात पैसे नव्हते, व्याजाने काढून व्यापाऱ्याला दिले.

अधिक महिन्यात लग्नं नसतात, तेव्हा मेच्या उत्तरार्धातले बस्ते पूर्ण काढून टाक. पण तो महिना शून्य धरू नकोस. धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई येतात, लेकीला साडी लागतेच. ती बिलं साध्या दिवसाच्याच मोलाची धर.

पाठवलेला तक्ता नव्याने मांडून आण. महिन्याच्या शेजारी तिथीचा रकाना काढ आणि माल कधी मागवायचा ते त्या रकान्यावरून ठरव.

तुझा,
काका