पहिलं पान व्याख्येतच जातं, तेव्हा

«माझी मुलगी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत यूपीएससीची तयारी करते. ऑप्शनल समाजशास्त्र, माध्यम मराठी. रोज रात्री मी घड्याळ लावून तिच्याकडून दहा मार्कांचं एक उत्तर लिहून घेतो आणि किती विचारवंत आले ते मोजतो. व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी टेस्टमध्ये शेवटचे प्रश्न राहतातच. लिहिण्याचा वेग कसा वाढवावा? एक उत्तर सोबत जोडलं आहे. – एक वडील, कोथरूड»

तुमच्या मुलीचं उत्तर दोनदा वाचलं. तिचा वेग चांगला आहे. मला काळजी वाटते ती तुमच्या मोजण्याची. प्रश्न होता समाजशास्त्रज्ञ मर्टन यांच्या प्रकट आणि अप्रकट कार्यांतला भेद आणि त्याचा उपयोग. तिनं सुरुवात केली समाजशास्त्राच्या व्याख्येनं, मग दुर्खाइम, मॅलिनोव्स्की, रॅडक्लिफ-ब्राऊन, पार्सन्स, आणि मर्टन आले ते पान उलटल्यावर. उदाहरण एका ओळीचं, निष्कर्ष नाहीच. हे उत्तर परीक्षकासाठी लिहिलेलं नाही. रात्री समोर बसलेल्या बाबांना आपण अभ्यास केलाय हे दिसावं म्हणून लिहिलं आहे. नावं मोजली गेली की मुलं नावं लिहितात.

नावं जास्त म्हणजे मार्क जास्त, हा समज आधी सोडा. पेपर 250 मार्कांचा आणि वेळ तीन तास, म्हणजे दहा मार्कांना जेमतेम सात मिनिटं आणि 150 शब्द. अनिवार्य प्रश्नांत अशी दहा उत्तरं असतात. प्रत्येकात तीन मिनिटं जास्त गेली तर अर्धा तास संपतो, आणि शेवटचे प्रश्न तिथेच राहतात. 150 शब्दांत विचारवंत एकच मावतो, फार तर त्याला छेद देणारा दुसरा. व्याख्याही शब्दशः नको. व्याख्येच्या दोन वाक्यांतच प्रश्नातला भेद दिसला पाहिजे.

हाच प्रश्न मी असा लिहायला सांगेन. पहिलं मिनिट पेन खाली. प्रश्नात मागण्या दोन आहेत, भेद आणि उपयोग, त्या अधोरेखित करायच्या आणि उदाहरण ठरवायचं. मग व्याख्या, साधारण 30 शब्द: सहभागी लोकांना अभिप्रेत आणि ठाऊक असलेला परिणाम म्हणजे प्रकट कार्य, अभिप्रेत नसलेला आणि लक्षातही न आलेला तो अप्रकट. पुढे सिद्धान्त, 50 शब्द: मर्टन यांनी 1949 मध्ये हा भेद मांडला तो लोकांचा हेतू आणि प्रथेचा परिणाम वेगळे करण्यासाठी. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या पर्जन्यविधीनं पाऊस पडत नाही, तरी तो टिकतो, कारण गट एकत्र येतो. प्रत्येक प्रथा सगळ्या समाजाच्या हिताचीच असते हेही त्यांनी नाकारलं आणि अपकार्याची, म्हणजे समाजाला बाधक ठरणाऱ्या परिणामाची, कल्पना दिली.

उदाहरणाला 45 शब्द द्यावेत, कारण समजलंय की पाठ केलंय हे तिथे कळतं. पुण्याच्या मुलीला ते शोधत हिंडायला नको. पंढरीची वारी घ्या. विठ्ठलाचं दर्शन हे प्रकट कार्य. वेगवेगळ्या भागांतली माणसं एका वाटेनं, एकच अभंग म्हणत चालतात आणि त्यातून महाराष्ट्र हा एक प्रदेश असल्याची जाणीव घडते, हे अप्रकट. इरावती कर्वे यांनी हे नोंदवलं, आणि त्याच वाटेवर जातीनुसार वेगळ्या दिंड्या, वेगळी जेवणं होती हेही नोंदवलं. इथे अपकार्याचा मुद्दा आपोआप येतो.

निष्कर्ष 25 शब्दांचा, आणि त्यात दुसऱ्या मागणीचं उत्तर हवं: या भेदामुळे अभ्यासक सांगितलेल्या हेतूपलीकडचे परिणाम पाहतो, मात्र ते कोणाच्या हिताचे, हा सत्तेचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. ‘अशा प्रकारे मर्टन यांचे योगदान महत्त्वाचे आहे’ हे वाक्य कोणत्याही उत्तराला चिकटतं, म्हणून ते काढून टाकावं. पाच मिनिटं झाली आणि सिद्धान्त चालूच असेल, तर होपींचं वाक्य गाळायचं, वारी आणि निष्कर्ष ठेवायचे.

हा साचा संकल्पनेच्या प्रश्नाचा. ‘टीकात्मक परीक्षण करा’ असेल तर उदाहरण आखडून टीकेला जागा द्यावी. वीस मार्कांना तो तसाच ताणू नये.

आता तुमच्याबद्दल. घड्याळ तिच्या हातात द्या आणि रात्रीची ती बैठक बंद करा. उत्तर तपासायला तिचाच ऑप्शनल असलेली अभ्यासिकेतली एखादी मैत्रीण किंवा तिचे शिक्षक बघा. तपासणाऱ्यानं नावं मोजू नयेत. प्रश्न झाकून फक्त उत्तर वाचावं आणि प्रश्न काय असेल ते सांगावं. ओळखता आला नाही, तर पुन्हा लिहायचं. पुढे नेट-सेट किंवा एम.ए.बद्दल विचारायचं झालं, तर ते पत्र तिनं लिहावं आणि त्याखाली तिची सही असू दे.