६, ४, ३ नंतर काय?

जुन्या प्रश्नपत्रिकांत ६, ४, ३, … अशी मांडणी दिसली की आधी वजाबाकी करून बघ. इथे फरक −२ आणि −१, म्हणजे अंकगणिती श्रेढी नाही. भागाकार २/३ आणि ३/४, म्हणजे भूमितीय श्रेढीही नाही. बहुतेक मुलं इथेच अडकतात, किंवा 'फरक एकाने घटतोय' म्हणून पुढचं पद ३ लिहून मोकळी होतात. (मीही लिहिलं होतं.) प्रश्नात 'हरात्मक' शब्द असेल तर पदं उलटी कर: १/६, १/४, १/३. छेद १२ केला की २/१२, ३/१२, ४/१२. ही सरळ अंकगणिती श्रेढी! पुढचं ५/१२, म्हणून उत्तर १२/५. शेवटी पुन्हा उलटं करायला मात्र विसरू नकोस, गुण तिथेच जातात.