सेटलमेंट अडकलंय, त्याच अ‍ॅपचं कर्ज घ्यावं का?

प्रश्न: माझं छोटं दुकान आहे. सहा दिवसांपासून क्यूआरवर आलेले जवळपास ४८ हजार रुपये बँकेत जमा झालेले नाहीत. अ‍ॅपच्या सपोर्टला पत्र लिहिलं, ग्राहकांच्या पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडले. उत्तर एकच, ‘तपास सुरू आहे’. घाऊक व्यापाऱ्याचे ४० हजार परवा द्यायचेत. तेच अ‍ॅप ५० हजारांचं कर्ज देतंय, रोज ४५० रुपये, १२० दिवस. घेऊ का? ६० हजारांची एफडी आहे, पण ती मोडायची नाही.

उत्तर: कर्ज घेऊ नका आणि एफडीही मोडू नका. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागतील तेवढेच पैसे उचला.

रोजचे ४५० म्हणजे १२० दिवसांत ५४ हजार. जादा ४ हजार, म्हणून व्याज ८ टक्के वाटतं. पण परतफेड दुसऱ्याच दिवसापासून सुरू होते, त्यामुळे सरासरी पाहिली तर तुमच्या हाती २५ हजारच राहतात. त्यावर चार महिन्यांत ४ हजार म्हणजे वर्षाला ४८ टक्क्यांच्या आसपास दर झाला. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. शिवाय अशा कर्जांचा हप्ता बहुधा रोजच्या सेटलमेंटमधूनच कापला जातो. आधीच हिशेब लागत नाहीये, त्यात कपातीची आणखी एक ओळ घुसली की कुठले पैसे आले आणि कुठले नाहीत हे सांगणं तुम्हालाच जड जाईल.

ओव्हरड्राफ्टचा दर साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच लागतं. साडेआठ टक्के धरले तर ४० हजारांवर १५ दिवसांचं व्याज सुमारे १४० रुपये. एफडी मात्र पाच वर्षांची करबचतीची नाही ना, ते पाहा. तिच्यावर ही सोय मिळत नाही.

आजच आणखी एक करा. बँकेकडून थेट खात्यात पैसे येणारा क्यूआर घ्या आणि तोच काउंटरवर ठेवा. अडकलेले ४८ हजार अडकलेलेच राहतील, पण उद्याची विक्री तरी त्यात जाणार नाही.

आता पत्राकडे. ग्राहकांचे स्क्रीनशॉट इथे फारसे कामाचे नाहीत. ग्राहकाचं पेमेंट यशस्वी झालं यावर वादच नाही. दुकानातल्या पेमेंट स्पीकरनेही तेच सांगितलं. पण ते पैसे अ‍ॅपकडे गोळा झाले, आणि तिथून दिवसभराची एकत्र रक्कम तुमच्या खात्यात निघायला हवी होती. त्या दुसऱ्या टप्प्याचा सेटलमेंट आयडी वेगळा आणि यूटीआर, म्हणजे बँकेत पैसे पाठवल्याचा क्रमांकही वेगळा असतो. म्हणून अ‍ॅपमधला सेटलमेंट रिपोर्ट उतरवून घ्या आणि दर दिवसाची एक ओळ लिहा: तारीख, जमा रक्कम, कपात, देय रक्कम, सेटलमेंट आयडी, यूटीआर, स्थिती.

स्थितीच्या रकान्यात बरंच कळतं. यूटीआर दिसत असेल, तर अ‍ॅपच्या मते पैसे निघालेत. तो क्रमांक घेऊन शाखेत जा आणि रिपोर्टमधल्या खात्याचे शेवटचे चार आकडे तुमचेच आहेत का ते पाहा. ‘फेल’ असेल, तर बँकेने रक्कम परत पाठवली असणार. बँकांच्या विलीनीकरणात बदललेला आयएफएससी, निष्क्रिय झालेलं खातं, नावातला फरक, असं काहीतरी निघतं. ‘होल्ड’ असेल, तर केवायसी किंवा जोखीम तपासणी अडलेली आहे. अशा वेळी ‘पैसे द्या’ एवढंच लिहून भागत नाही. ‘कोणत्या कारणाने रोखलेत आणि कोणता कागद हवा, हे लेखी कळवा’ असं लिहा.

बरेच जण पत्रात रोज १०० रुपये भरपाई मागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकातली ही तरतूद फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे ग्राहकाचे पैसे कापले गेले पण दुकानदाराला पावती मिळाली नाही अशा वेळी. तुमचे व्यवहार यशस्वी आहेत. चुकीचा नियम दाखवला की समोरचा त्याचंच उत्तर देतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

हे नवं पत्र चॅटवर नको, ईमेलने पाठवा, अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला प्रत द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. ईमेलचा पत्ता आणि फोन नंबर मात्र अ‍ॅपच्या आतूनच घ्या. सर्चमध्ये सापडलेल्या ‘हेल्पलाइन’वर कोणी स्क्रीन शेअर करायला किंवा पिन टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे मिळायला पिन लागत नाही.

४८ हजार आले की त्याच दिवशी आधी ओव्हरड्राफ्ट फेडा. तो उघडा राहिला की इतर खर्चही त्यातूनच भागवले जातात.