उधारीची मुदत मागायची आहे, पण कागद बंद व्हायला नको

“माझा छोटा कारखाना आहे. कच्चा माल देणाऱ्याचे पैसे थकलेत, कारण माझेच पैसे बाजारात अडकलेत. मुदत वाढवून मागणारं पत्र लिहायचंय, पण भीती वाटते, पत्र गेलं की ते घाबरून माल बंद करतील. न लिहिता फोनवर ‘बघतो, देतो’ करत राहावं का? आणि लिहिलंच तर काय लिहावं?”

हाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आले होते. सांगली-कुपवाडच्या एमआयडीसीत त्यांचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट. हंगामात बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना खोकी द्यायची, एरवी दोन-तीन खाद्यपदार्थवाल्यांना. क्राफ्ट कागदाची रिळं कोल्हापूरकडच्या एका लहान मिलमधून यायची, बिल ३० दिवसांच्या मुदतीचं. बेदाणेवाल्यांकडे १४ लाख अडकले होते आणि मिलची तीन बिलं थकली होती. मिलचा माणूस रोज सकाळी साडेदहाला फोन करायचा. यांनी तो उचलणं बंद केलं होतं.

त्यांनी पत्र लिहूनच आणलं होतं. “सध्या आर्थिक अडचणीमुळे पेमेंटला विलंब होत आहे. तरी ९० दिवसांची मुदत देऊन सहकार्य करावे, ही विनंती.” मी विचारलं, “हे तुम्हाला तुमच्या गिऱ्हाइकाने लिहिलं असतं, तर तुम्ही पुढचा माल दिला असता का?” ते हसले. “नसता दिला.”

मालवाला उशिराला तेवढा भीत नाही. धंद्यातल्या माणसाला उशीर नवा नसतो. त्याला धास्ती असते ती बाकी फुगत जाण्याची: आज साडेआठ लाख, अजून दोन गाड्या गेल्या की अकरा, आणि मग हा माणूस शटर ओढून बसला तर? ‘९० दिवस द्या’ म्हणजे त्याच्या कानाला ‘बाकी तिप्पट होऊ द्या’ असं ऐकू येतं. म्हणून मुदत सगळ्या व्यवहाराला मागायची नाही. जुनी बाकी आहे तिथेच थांबवायची, ती हप्त्याने फेडायची आणि नवा माल रोखीने उचलायचा. मिलच्या दृष्टीने मग बाकी दर आठवड्याला कमीच होत जाते. वाढायला वावच राहत नाही.

पण पत्राआधी दोन कामं होती.

पहिलं, खाते उतारा जुळवणं. यांच्या वहीत बाकी ८,४०,०००, मिलच्या उताऱ्यात ८,६२,०००. फरक २२,००० चा. मे महिन्यात आलेलं एक रीळ ओलं होतं, कडेचे थर चिकटले होते आणि यांनी डेबिट नोट काढली होती. मिलने ती धरलीच नव्हती. अशा वेळी आकडा ठोकून पत्र पाठवलं की पहिल्याच फोनवर भांडण रिळाचं होतं, मुदत बाजूला राहते. शिवाय सही केलेल्या पत्रात बाकी कबूल केली की ती कायद्याने लेखी कबुली ठरते. वसुलीच्या दाव्याची मुदत संपलेली नसेल, तर मिलला त्यासाठी त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. त्यात गैर काही नाही, देणं आहे ते आहेच. पण म्हणूनच वादातली रक्कम कबुलीत मिसळायची नाही. आम्ही वादाबाहेरचे ८,४०,००० पत्रात घेतले आणि २२,००० वेगळे ठेवले.

दुसरं काम हप्त्याचा आकडा ठरवणं. ते म्हणाले, “आठवड्याला दीड लाख लिहा, म्हणजे त्यांना बरं वाटेल.” वहीत पुढच्या १७ आठवड्यांचा हिशेब मांडायला बसलो. बेदाण्याचे अडकलेले पैसे धरायचेच नाहीत, फक्त बाकीच्या गिऱ्हाइकांकडून नेमाने येणारे. त्यातून पगार, वीज, बँकेचा हप्ता, जीएसटी, गोंद, तार आणि आठवड्याला लागणारा ३ टन कागद, म्हणजे साधारण लाखभर रुपये, वजा केले. सरासरी ८०,००० उरत होते. पण वीजबिल आणि बँकेचा हप्ता एकत्र येणाऱ्या आठवड्यात फक्त ५४,०००. हप्ता ठरवायचा तो या सगळ्यात पातळ आठवड्यावरून, सरासरीवरून नाही. लिहिले ५०,०००. दीड लाखाचं आश्वासन दुसऱ्याच आठवड्यात मोडलं असतं, आणि मुदत मागून ती मोडणारा माणूस पहिल्यापेक्षा वाईट ठरतो.

त्यांनी दिवाळीचा आधार घ्यायचा आग्रह धरला. सांगली-तासगावात दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे बंद ठेवून व्यापारी आपसातली देणी फेडतात, त्याला झिरो पेमेंट म्हणतात. “तेव्हा माझे १४ लाख सुटतील,” असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. त्या हिशेबात आधी माल विकलेल्यांचे पैसे सुटणार, खोकीवाला रांगेत मागे. म्हणून दिवाळी पत्रात तारीख म्हणून घातली नाही. ‘आले तर जादा देऊ’ एवढंच लिहिलं.

पत्र असं गेलं:

> स. न. वि. वि.
>
> आमच्याकडे आपली २४ एप्रिल (२,६०,०००), ९ मे (२,९०,०००) आणि २३ मे (२,९०,०००) या बिलांची मिळून ८,४०,००० रुपये बाकी आहे. तिन्हींची मुदत उलटली आहे आणि मधल्या काळात आपले फोन घेतले नाहीत, ही चूक आमची. ओल्या रिळाचा २२,००० चा फरक यात धरलेला नाही, त्यावर आपण वेगळं बोलू.
>
> बेदाण्याच्या हंगामातली आमची १४ लाखांची येणी अजून आलेली नाहीत. बाकीचं काम नेहमीप्रमाणे चालू आहे. त्या जोरावर पुढीलप्रमाणे फेड करू शकतो.
>
> १० जुलैपासून दर शुक्रवारी ५०,००० रुपये. सोळा हप्त्यांनंतर ३० ऑक्टोबरला उरलेले ४०,०००. प्रत्येक हप्ता सर्वात जुन्या बिलापोटी जमा करावा. अडकलेल्या येण्यांपैकी काही आलं तर त्यातला निम्मा भाग दोन दिवसांत आपल्याला देऊ.
>
> या काळात नवीन उधारी मागणार नाही. प्रत्येक गाडीचे पैसे मिलमधून माल निघण्याआधी खात्यावर पाठवू. आपण कागद चालू ठेवावा, एवढीच विनंती.
>
> एखादा हप्ता चुकणार असं दिसलं तर बुधवारपर्यंत मी स्वतः फोन करीन. हे मान्य असल्यास याच पत्रावर तसं लिहून सही करून पाठवावं. सोबत आमचा खाते उतारा जोडला आहे. गुरुवारी सकाळी मी मिलवर येतो.

शेवटचं वाक्य त्यांच्या मनाविरुद्ध होतं. पण थकबाकीदार स्वतः गाडी काढून येतो, तेव्हा मिलवाल्याला निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

‘सर्वात जुन्या बिलापोटी’ हे शब्द शोभेला नाहीत. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत मालवाल्याला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट परत घेता येतं, व्याज मात्र गेलेलं असतं. २४ एप्रिलच्या बिलाचे १८० दिवस २१ ऑक्टोबरला भरतात. आमच्या हप्त्यांत ते बिल ऑगस्टच्या मध्यात मिटत होतं आणि मे महिन्यातली दोन्ही बिलंही आपापल्या १८० दिवसांच्या आत बसत होती. कोणत्या बिलापोटी पैसे जमा धरायचे ते देणाऱ्याने सांगायचं असतं. न सांगितल्यास घेणारा आपल्या सोयीने धरतो.

इथे एक मर्यादा त्यांना स्पष्ट सांगितली. मिल ‘उद्यम’ नोंदणी असलेला लहान उत्पादक होती. अशा मालवाल्याला लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करारातली मुदत किंवा हे ४५ दिवस, यातलं जे आधी संपेल त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने. मिलने हप्ते मान्य केले म्हणजे हे व्याज आपोआप माफ झालं असं नाही. चालू धंद्यात सहसा कोणी ते मागत नाही, पण संबंध तुटले की हमखास मागतात. शिवाय अशा मुदत उलटलेल्या बिलांचे पैसे ३१ मार्चच्या पुढे गेले तर त्या वर्षीच्या नफ्यातून तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. आमची फेड ऑक्टोबरात संपत होती, म्हणून तो प्रश्न आला नाही. जानेवारीत पत्र लिहिणाऱ्याला तो येईल. तुमचा मालवाला नुसता व्यापारी असेल तर ४५ दिवसांचा हा नियम सहसा लागत नाही. जीएसटीचे १८० दिवस मात्र लागतातच.

गुरुवारी मिलच्या मालकांनी पत्र वाचलं आणि पहिलं वाक्य बोलले, “आठवड्याला सत्तर करा.” यांनी वही पुढे ठेवली, ५४,००० चा आठवडा दाखवला आणि पन्नासवरच राहिले. मग मागणी आली ती सतरा चेकची. याला मी आधीच नको म्हटलं होतं. पुढच्या तारखेचा चेक परत गेला, नोटीस आली आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत, की प्रकरण फौजदारी होतं. चार महिन्यांचे सगळे चेक एकदम देऊन टाकणं म्हणजे आपल्या मानेची दोरी दुसऱ्याच्या हातात. ठरलं असं की चार-चार चेक द्यायचे, ते वटले की पुढचे चार. मिलने पत्रावर सही केली आणि नव्या मालाला किलोमागे पन्नास पैसे कमी करून दिले, रोखीचा भाव म्हणून. ते आम्ही मागितलंही नव्हतं.

नवव्या हप्त्याला अडलं. एका खाद्यपदार्थवाल्याचे पैसे चार दिवस लांबले. यांनी बुधवारी फोन केला, मिलने तो चेक सोमवारी टाकला, वटला. झिरो पेमेंटनंतर बेदाण्याचे पैसे आले ते नोव्हेंबरच्या शेवटी, तेही १४ पैकी ९ लाख. तोवर मिलचं खातं मिटून महिना होत आला होता.

ओल्या रिळाचे २२,००० अजून तसेच आहेत. दोघेही आपापल्या वहीत ते दरवर्षी पुढे ओढतात आणि भेटले की त्यावरून एकमेकांना चिडवतात.