मुलाखतीची वेळ कळवताना सोय कशी मागावी?

प्रश्न : मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि मी श्रवणयंत्रे वापरते. एका कंपनीतून मुलाखतीची वेळ निवडण्याविषयी ई-मेल आला आहे, पण पहिली फेरी फोनवर आहे आणि फोनवरचे बोलणे मला नीट समजत नाही. उत्तरातच सोय मागितली तर बोलावणे रद्द होईल अशी भीती वाटते. मागावी का, आणि कोणत्या शब्दांत?

उत्तर : काही काळापूर्वी माझ्याकडे एक तरुण लेखापाल असाच ई-मेल घेऊन आला होता. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याची हकिगत सांगतो, कारण आपल्याला जे पत्र लिहायचे आहे ते आम्ही दोघांनी तीन वेळा लिहिले आणि त्यातल्या चुका आधी माहीत असलेल्या बऱ्या.

याआधी दोन ठिकाणी त्याने काहीही न सांगता फोनवरची फेरी दिली होती आणि दोन्ही ठिकाणी तो गळला होता. प्रश्न अर्धवट समजला की तो क्षणभर थांबत असे, आणि पलीकडच्या माणसाला त्या थांबण्याचा अर्थ ‘याला उत्तर येत नाही’ असाच लागत असे. सोय मागितल्याने बोलावणे कधीच रद्द होत नाही, असे आश्वासन मी त्याला दिले नाही. तसे घडू शकते आणि घडले तर ते सिद्ध करणे अवघड असते. पण न मागण्याची किंमत तो दोनदा मोजून बसला होता.

त्याने करून आणलेला मसुदा बराच लांब होता. लहानपणी आलेला ताप, त्यानंतर कमी होत गेलेली श्रवणशक्ती, कानाच्या तपासणीचे आकडे, दोनदा ‘क्षमस्व’ आणि शेवटी ‘कृपया थोडे समजून घ्यावे’ ही विनंती, असे त्याचे स्वरूप होते. मी त्याला विचारले, की हे पत्र वाचून वाचणाऱ्याने नेमके काय करायचे आहे? त्याला सांगता येईना. मुलाखतीच्या वेळा ठरवणारी व्यक्ती बहुतेक वेळा निवडीचा निर्णय घेत नाही. तिच्या हाती फक्त वेळ, माध्यम आणि सभेची लिंक असते. ‘समजून घ्या’ या विनंतीचे ती काहीच करू शकत नाही, म्हणून ती पत्र जसेच्या तसे मुलाखत घेणाऱ्यांकडे पाठवते, आणि उमेदवाराला पाहण्याआधीच त्यांच्यापुढे त्याच्या आजाराचा इतिहास येतो. म्हणून आपले पत्र पुढे पाठवले जाणार आहे असे धरूनच ते लिहावे.

मसुदा बाजूला ठेवून आम्ही आधी एक साधी चाचणी केली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास तोच होता. त्याची मागणी होती, की मुलाखत प्रत्यक्ष भेटीतच व्हावी. खरी गरज तेवढीच आहे का, हे आम्हाला पाहायचे होते. मी शेजारच्या खोलीतून त्याला फोनवर वीस वाक्ये वाचून दाखवली आणि त्याने जे ऐकू आले ते लिहून काढले. सहा वाक्ये चुकली, आणि चुका जिथे वाटल्या होत्या तिथे नव्हत्या. रोजची वाक्ये तो संदर्भावरून बरोबर जुळवत होता. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘तीस’ आणि ‘वीस’ यांत मात्र गोंधळ होत होता, आणि लेखापालाच्या मुलाखतीत आकडाच चुकीचा ऐकला तर मग काय उरले? साध्या दूरध्वनी जोडणीतून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’सारख्या वर्णांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणजे ज्याला उंच स्वर आधीच कमी ऐकू येतात त्याच्यासाठी फोन उरलेलेही कापून टाकतो.

त्यानंतर तशीच वाक्ये व्हिडिओ कॉलवर वाचली. माझा चेहरा दिसत असताना दोन चुका झाल्या. थेट उपशीर्षके सुरू केल्यावर एकच चूक झाली, आणि ती उपशीर्षकांनी एका विशेषनामाचे वाटोळे केल्यामुळे झाली. चेहरा आणि मजकूर दोन्ही का लागतात, हेही तेव्हा कळले. ओठांवर ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ सारखेच दिसतात, तिथे मजकूर मदत करतो. मजकूर थोडा उशिरा येतो आणि नावे बिघडवतो, तिथे चेहरा मदत करतो. म्हणजे प्रत्यक्ष भेटीची मागणी अनावश्यक होती. त्याची गरज व्हिडिओ कॉल, बोलणाऱ्याचा सुरू असलेला कॅमेरा आणि उपशीर्षके यांनी भागत होती, आणि यातली एकही गोष्ट खर्चिक नव्हती.

मग पत्र असे झाले :

‘मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल आभारी आहे. आपण दिलेल्या वेळांपैकी गुरुवार, सकाळी ११ ही वेळ मी निश्चित करतो.

मी श्रवणयंत्रे वापरतो आणि दूरध्वनीवरचे बोलणे मला अचूक समजत नाही. त्यामुळे ही मुलाखत त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर घ्यावी, अशी विनंती आहे. बोलणाऱ्याचा कॅमेरा सुरू असावा आणि सभेत थेट उपशीर्षके सुरू करण्याची मुभा असावी. ही मुभा काही वेळा सभा आयोजित करणाऱ्याच्या खात्यातूनच द्यावी लागते. उपशीर्षके शक्य नसल्यास प्रत्येक प्रश्न विचारतानाच चॅटमध्ये लिहिला तरी चालेल.

मंगळवारपर्यंत ई-मेलने कळवावे. आधी तपासून पाहायचे असल्यास मी दहा मिनिटांच्या चाचणी कॉलसाठी उपलब्ध आहे.’

यात वेळ आधी निश्चित केली आहे, कारण ज्या कामासाठी ई-मेल आला ते काम पहिल्याच परिच्छेदात संपते आणि ‘हा उमेदवार येणार की नाही’ ही शंका उरत नाही. अपंगत्वाविषयी अर्धेच वाक्य आहे. त्यात निदान नाही, अडचण कुठे येते एवढेच आहे. ‘ई-मेलने कळवावे’ हे शब्द मी आग्रहाने घालायला लावले, कारण फोनवर ऐकू येत नाही असे लिहिलेल्या माणसाला त्याच विषयावर चर्चा करायला फोन येतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. उत्तर लेखी असले तर पुढे काय ठरले होते याचा पुरावाही राहतो. मंगळवार यासाठी, की गडबड झालीच तर ती निस्तरायला बुधवार हाती राहावा. त्याला माणसाकडून होणारे थेट लेखन किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी लागला असता, तर एवढ्या थोड्या दिवसांत भागले नसते. अशा व्यक्तीची वेळ आधी घ्यावी लागते, आणि त्या वेळी लांबची तारीख निवडणेच शहाणपणाचे ठरते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की पहिली फेरी सर्वांसाठी फोनवरच होते आणि कोणालाही वेगळी वागणूक देता येत नाही. तो खचला. मला मात्र हे उत्तर नकारापेक्षा सवयीचे वाटले. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात अशा बदलाला वाजवी सोय म्हटले आहे. विशिष्ट व्यक्तीला विशिष्ट प्रसंगी लागणारा, आणि समोरच्यावर अवाजवी भार न टाकणारा बदल, असा तिचा अर्थ आहे, आणि ती नाकारणे हा भेदभावाचा प्रकार मानला आहे. भारताच्या २०१६ च्या कायद्यातही हीच व्याख्या जवळपास तशीच आहे. सर्वांना सारखेच माध्यम देणे म्हणजे समान संधी नव्हे, हे यामागचे सूत्र आहे. तरीही पहिल्या पत्रात कायदा घालू नये असे माझे मत आहे. तिथे तो धमकीसारखा वाचला जातो, आणि ज्याने अजून नकारच दिलेला नाही त्याला धमकावून काय मिळणार?

दुसऱ्या उत्तरात आम्ही चारच वाक्ये लिहिली : ‘प्रश्न, कालावधी आणि निकष इतरांना आहेत तेच ठेवावेत. केवळ माध्यम बदलण्याची विनंती आहे. कायद्यातील वाजवी सोय या तरतुदीत ती बसते, असे मला वाटते. हा निर्णय आपल्या अधिकारात नसल्यास माझे पत्र मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांकडे पाठवावे.’ शेवटच्या वाक्याने समोरच्या व्यक्तीला नाही म्हणण्याच्या जबाबदारीतून मोकळे केले. सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलची लिंक आली आणि सोबत प्रमाणपत्राची मागणी आली. त्याने अपंगत्व प्रमाणपत्राच्या पहिल्या पानाची प्रत पाठवली आणि तपासणीचे अहवाल पाठवले नाहीत. मागितलेला पुरावा द्यावा, पण त्या निमित्ताने सगळी फाइल उघडू नये.

मुलाखतीच्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या दोघांपैकी एकाने जोडणी मंद असल्याचे सांगून कॅमेरा बंद केला. त्यासाठी लेखापालाचे वाक्य तयार होते : ‘आपला चेहरा दिसला नाही तर मला प्रश्न निसटतील, कृपया प्रश्न चॅटमध्ये लिहाल का?’ उपशीर्षके एका भाषेसाठी लावलेली होती आणि प्रश्नांत दोन भाषा मिसळत होत्या, त्यामुळे अधूनमधून पडद्यावर निरर्थक मजकूर उमटत होता. अशा वेळी ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याऐवजी तो ‘मला रक्कम साठ हजार अशी ऐकू आली, बरोबर का?’ असे विचारत होता. एरवी अख्खा प्रश्न पुन्हा ऐकावा लागला असता, आता फक्त निसटलेला शब्द तपासला गेला.

त्याला दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले, आणि ती फेरी प्रत्यक्ष, चार जणांसमोर होती. आधीची सोय सर्वांना माहीत असेल असे गृहीत धरून तो नुसती वेळ कळवणार होता. पण फेरी बदलली की माणसे बदलतात आणि अडचणही बदलते, म्हणून पत्र पुन्हा लिहावे लागते. त्या पत्रात त्याने मागितले, की एका वेळी एकानेच बोलावे आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या पाठीशी खिडकी नसावी, कारण मागून उजेड आला की चेहरे काळवंडतात आणि ओठ वाचता येत नाहीत.

आपण उत्तर लिहिण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी शेजारच्या खोलीतून फोन करायला सांगा आणि वीस वाक्ये लिहून काढा. मग तीच चाचणी व्हिडिओ कॉलवर, नव्या वाक्यांनी करा. पत्रात कोणत्या दोन गोष्टी मागायच्या, हे त्या कागदावर दिसेल.